येतो, येते, येतं आणि येत नाही

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही, आणि तिला माझ्या बनियनचा नंबरसुद्धा माझ्यापेक्षा चांगला ठाऊक असतो. खात्यातल्या परीक्षेला चार आठवडे उरले असताना मला कळलं, की अभ्यास मोजायला मी बनवलेलं कोष्टक चुकीचं मोजतंय. ते मी दुरुस्त केलं. फक्त माझ्यापुरतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बेंगळुरात महादेवपुऱ्याच्या बाजूला एका सरकारी कारखान्यात मी नियोजन विभागात डिप्लोमावाला कनिष्ठ होतो. साताऱ्याकडून येऊन चार वर्षं झाली होती आणि कन्नड फक्त रिक्षावाल्याशी भांडण्यापुरतं येत होतं. तेही तो भांडला नाही तर. सुपरवायझर आणि आमच्यासारख्यांना अधिकारी व्हायचं तर खात्याची एक परीक्षा द्यावी लागे. माणसाला आयुष्यात तीनच वेळा बसता येई. त्या वर्षी आमच्या कारखान्यात जागा दोन होत्या.

बसणारे आम्ही सातजण. त्यातले चौघे सहामाही रजेचा अर्ज भरावा तसे परीक्षेचा अर्ज भरत. खरे अभ्यास करणारे तिघे. एक मी. दुसऱ्या स्टोअर्समधल्या बाई, पुण्याच्या, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठ्या. आणि तिसरे अण्णा.

अण्णा मशीन शॉपचे सुपरवायझर. वय एकोणपन्नास. त्यांचं घराणं बेंगळुरात इतक्या पिढ्यांपासून होतं, की महाराष्ट्र त्यांनी एकदाच, शिर्डीला जाताना बसच्या खिडकीतून पाहिला होता. त्यांची मराठी घरात पिकलेली, कन्नडचं पाणी मारलेली. मला ते ‘तम्मा’ म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ. दोनदा परीक्षेला बसून दोनदा राहिलेले. ही तिसरी आणि शेवटची. या वेळी राहिले की सुपरवायझर म्हणूनच निवृत्त, हे त्यांना माहीत होतं, आम्हाला माहीत होतं आणि त्यांच्या बायकोला, म्हणजे अक्कांना, सगळ्यांत जास्त माहीत होतं.

शिफ्ट सुटल्यावर साडेचार ते सहा आम्ही कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसायचो. अभ्यासक्रमाची पुस्तिका चौसष्ट मुद्द्यांची होती. फॅक्टरी अॅक्टपासून साठ्याच्या किमान पातळीपर्यंत सगळं. पहिले दोन आठवडे आम्ही ती पुस्तिका कुठून सुरू करावी यावरच चर्चा केली. बाई म्हणाल्या, कोणाचं काय झालंय ते लिहून तरी ठेवा. आणि मी, जो सहसा बोलत नाही, तो बोललो, की मी कॉम्प्युटरवर करतो.

नियोजन विभागात एक कॉम्प्युटर होता आणि त्यावर स्प्रेडशीटची नवी आवृत्ती आली होती. तिच्यात चौकटीला अट घालता येई. अमुक लिहिलं तर हिरवी हो, तमुक लिहिलं तर लाल. एका चौकटीला अटी तीनच, चौथी ती घेत नसे. पण तीन रंगही आमच्या विभागाला नवलाचे होते. साहेबांना बोलावून मी एका चौकटीत आकडा बदलून दाखवला, ती लाल झाली, आणि साहेब म्हणाले, “पुन्हा कर.”

तिघांची तीन पानं केली. डावीकडे खाली खाली चौसष्ट मुद्दे, उजवीकडे दर आठवड्याला एक उभा रकाना. दर शनिवारी प्रत्येकानं प्रत्येक मुद्द्यापुढे आपला भरवसा एक ते पाच आकड्यांत द्यायचा, न वाचलेला मुद्दा कोरा ठेवायचा. रकान्याच्या तळाशी आठवड्याची बेरीज, तिच्याखाली टक्के.

आकड्यांची पद्धत एका शनिवारात मोडली. बाईंनी सगळ्यांना तीन दिले. विचारलं तर म्हणाल्या, “स्वतःला पाच देणं बरं दिसत नाही आणि दोन द्यायला मी काही ढ नाही.” अण्णांनी ज्या मुद्द्याचं नाव आवडलं त्याला पाच दिले, दोन ठिकाणी साडेपाचही. मी कागद परत केला तर रागावले.

“तम्मा, तीन म्हणजे काय आणि चार म्हणजे काय, मला ठावं नाही. परीक्षेत साहेब काय विचारणार, तीन येतंय का चार येतंय? येतंय का नाही, हे विचार की मला.”

“बरोबर आहे,” बाई म्हणाल्या. हे दोघं एकमेकांशी सहमत होण्याची ती पहिली वेळ होती, म्हणून मी लगेच मान्य केलं.

मग शब्द ठरले तीन. येतं. येईल. येत नाही. येतंला हिरवा, येईलला पिवळा, येत नाहीला लाल. अटी तीन आणि शब्द तीन, असा योग होता. अण्णांना चौथा शब्द हवा होता, ‘आलं होतं, गेलं’. त्यांच्या मते त्यांचा निम्मा अभ्यासक्रम त्याच वर्गातला होता. त्यासाठी मशीनकडे रंग नाही म्हटल्यावर म्हणाले, सरी, म्हणजे बरं, मग येत नाही लिहितो.

शब्दांनी अण्णा एकदम प्रामाणिक झाले. आकडा लिहिताना माणूस हात सैल सोडतो. पण ‘मला येतं’ असं लिहायला लागलं, की कोणीतरी लगेच ‘म्हण बघू’ म्हणेल अशी भीती असते. अण्णा पेन्सिल घेऊन प्रत्येक मुद्द्यापाशी थांबत, डोळे मिटत, ओठ हलवत, आणि बहुतेक वेळा ‘येत नाही’ लिहीत. असा खरा कागद मी कारखान्यात दुसरा पाहिला नाही.

कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं नव्हती, म्हणून मी इंग्रजी लिपीत yeta भरत होतो. पुढच्याच शनिवारी बाईंनी छापील कागद पाहिला आणि लाल पेन काढलं.

“फॅक्टरी अॅक्ट येतं? फॅक्टरी अॅक्ट येतो. आकडेमोड येते. कोष्टक येतं. आपण अधिकारी व्हायला निघालोय ना?”

मी म्हणालो, मशीनला काय फरक पडतो. त्या म्हणाल्या, मला पडतो. त्यांच्या कागदावर त्या तिन्ही लिंगं नीट लावून आणू लागल्या. अण्णाही लिंगं लावायचे, पण त्यांची स्वतःची. त्यांच्याकडे कायदा यायची आणि बेरीज यायचा. बाई कपाळाला हात लावत.

त्यामुळे माझ्या हिरव्या चौकटी पांढऱ्या पडल्या. कारण मशीनला ठाऊक असलेला शब्द yeta एकच, आणि समोर आले yeto आणि yete. रंगाचं जमवलं. हिरव्याच्या एकाच अटीत ‘किंवा’ घालून तिन्ही रूपं बसवली. राहिली तळाची बेरीज. तिथे किती चौकटींत अमुक शब्द आहे ते मोजायचं सूत्र होतं. तीन रूपांची तीन सूत्रं लिहून बेरीज करायची तर लांबण लागायचं. मग मला जुन्या कॉम्प्युटरवर फायली शोधताना वापरायचो तो तारा आठवला. सुरुवातीची अक्षरं लिहायची आणि पुढे तारा ठोकायचा, म्हणजे पुढे काहीही असलं तरी चालतं. मी लिहिलं, yet* मोज. येतो, येते, येतं, सगळे एका झोळीत. येईल आपोआप बाहेर, कारण तो yeil. मोजलेल्याला डावीकडच्या मुद्द्यांच्या संख्येनं, म्हणजे चौसष्टनं, भागलं. सूत्र उजवीकडे ओढताना मुद्द्यांचा रकाना सरकू नये म्हणून त्याला डॉलरचं चिन्ह लावायलाही विसरलो नाही. त्या डॉलरचा मला इतका अभिमान होता, की जेवताना तो मी बायकोला समजावून सांगितला. तिनं कोशिंबीर वाढली.

वाचकांतल्या हुशारांच्या लक्षात आलं असेल. माझ्या सहा आठवडे आलं नाही.

दर शनिवारी मी तिघांचे कागद मशीनमध्ये भरायचो आणि पानं छापून द्यायचो. छपाईचं यंत्र टिकल्या मारणारं, काळ्या फितीचं. पडद्यावरचा हिरवा आणि लाल कागदावर एकाच राखाडी रंगाचे व्हायचे, जुळ्या भावांसारखे. म्हणून कागदावर सगळे तळाचे टक्केच बघत. अण्णांचे टक्के छान चढत होते. आठव्या आठवड्यात एक्क्याऐंशी. त्यांनी ते पान घरी नेऊन देवाच्या फोटोशेजारी टाचणीनं लावलं असं कळलं.

त्याच आठव्या शनिवारी मी माझं पान भरत होतो. संख्याशास्त्राचा एक मुद्दा मागच्या आठवड्यात ‘येईल’ होता. या वेळी पुस्तक उघडून कळलं, की हा काही आपल्याला येणार नाही. मनावर दगड ठेवून मी yet nahi लिहिलं. चौकट लाल झाली. आणि खाली सत्त्याहत्तरचे अठ्ठ्याहत्तर झाले.

मला वाटलं डोळे थकले. आणखी एका ‘येईल’चं ‘येत नाही’ केलं. ऐंशी. पुन्हा दोन. टक्के वर. जितके मी हात टेकत होतो तितकी मशीन मला शाबासकी देत होतं. मग दिसलं. yet आणि पुढे काहीही. ‘येत नाही’सुद्धा ‘येत’नंच सुरू होतं. जगातल्या दुसऱ्या कोणत्या भाषेत ‘मला येत नाही’ हे ‘मला येतं’चं शेपूट लावलेलं रूप आहे ते मला माहीत नाही, पण आपल्यात आहे, आणि माझ्या ताऱ्यानं शेपटासकट सगळं गोळा केलं होतं. न आलेला मुद्दा आलेल्यात मोजला जात होता.

दुरुस्ती एका अक्षराची होती. ताऱ्याच्या जागी प्रश्नचिन्ह. yet? म्हणजे yet आणि पुढे नेमकं एक अक्षर. मी उगाच बदललेले मुद्दे परत जागेवर ठेवले आणि माझ्या पानावर तारा पुसून प्रश्नचिन्ह टाकलं. अठ्ठ्याहत्तरचे अठ्ठेचाळीस झाले. सोमवारी दोघांना सांगायचं आणि त्यांचीही पानं सुधारायची, असं ठरवूनच मी मशीन बंद केलं. हे खरं आहे. ठरवलं होतं.

सोमवारी अण्णा डबा घेऊन आले. अक्कांनी माझ्यासाठी होळिगे पाठवले होते, म्हणजे आपल्याकडच्या पुरणपोळ्या, केळीच्या पानात, वर तूप. निरोपही होता. अक्का म्हणाल्या होत्या, चोवीस वर्षांत या माणसाला एक्क्याऐंशी टक्के काही आलेलं मी पहिल्यांदा बघते, ज्यानं आणलं त्या पोराला खाऊ घाल. अण्णा हे सांगताना लाजत होते. मी पहिला घास घेतला. तोंडात पुरण असताना सत्य बोलता येत नाही. दुसराही घेतला. पाचवा होळिगे संपेपर्यंत सहा वाजले होते.

मंगळवारी सांगता आलं असतं. मंगळवारी कोणीही खायला घातलं नाही.

इथे मी होळिग्याच्या मागे लपायचं सोडतो. मंगळवारी कँटीनमध्ये बसलो असताना मी हिशेब केला होता. जागा दोन. बाई नक्की. चौघे अर्जवाले नाहीत. उरलेल्या एका जागेला अण्णा आणि मी. माझे अठ्ठेचाळीस. घरी जाण्यापूर्वी मशीनवर पाहिलं, अण्णांचे खरे पस्तीसच्या आसपास. त्यांना सांगितलं तर ते घाबरतील, आणि अण्णा घाबरले म्हणजे अभ्यास करतील. मला अजून तीनपैकी तीनही संधी होत्या. तरी मी गप्प राहिलो. मी सगळ्यांना गप्पच माहीत असल्यामुळे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मग मी वेड्यासारखा अभ्यास केला. अण्णांनी कमी केला. दहाव्या आठवड्यात अठ्ठ्याऐंशी पाहून ते अक्कांच्या भाचीच्या लग्नाला होसूरला पाच दिवस गेले. मी त्यांना म्हणू शकलो असतो, अण्णा, जाऊ नका. मी म्हणालो, जपून जा. परतल्यावर ते त्या चौघा अर्जवाल्यांना शिकवू लागले. एकदा मला ऐकू आलं, ते सांगत होते की अभ्यासाचं मुख्य म्हणजे टक्केवारी, एकदा नव्वदच्या वर गेली की डोकं स्वल्प थंड ठेवायचं.

अकराव्या आठवड्यात चौऱ्याण्णव झाले. त्या दिवशी बाई काही विचारायला माझ्या विभागात आल्या आणि पडद्यावर अण्णांचं पान उघडं होतं. पडद्यावर रंग खरे दिसत.

बाई चष्मा वर करून वाकल्या. “हे अण्णांचं? हे तर जास्वंदीचं कुंपण आहे. आणि खाली चौऱ्याण्णव?”

माझ्या तोंडून जे निघालं ते इतकं सफाईदार होतं, की मला आजही त्याचं भय वाटतं. मी म्हणालो, “तो आकडा किती मुद्दे वाचून झाले त्याचा आहे. किती येतात ते रंगांवरून बघायचं.”

“मग खाली तसं लिही ना,” त्या म्हणाल्या. “आणि अण्णांना ठाऊक आहे ना हे?”

“हो.”

त्या गेल्यावर मी मोजले. साठ चौकटींपैकी हिरव्या सत्तावीस, लाल तेहतीस. उरलेल्या चार पिवळ्या. खरे टक्के बेचाळीस. अण्णांनी तेहतीस वेळा डोळे मिटून, विचार करून, येत नाही असं लिहून दिलं होतं.

निकाल लागला. बाई पहिल्या, मी दुसरा. अण्णा नव्हते.

मला वाटलं होतं ते आता विचारतील. निदान शंका तरी घेतील. निकालाच्या फळ्यासमोर उभे राहून ते बराच वेळ वाचत होते, जणू नाव दुसऱ्या ओळीत सापडेल. मग माझ्या पाठीवर हात ठेवून, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “चौऱ्याण्णव टक्के तयारी होती, तम्मा. बघ की, अख्खा पेपर उरलेल्या सहा टक्क्यांतून काढला त्यांनी.”

लोक हसले. मीही हसलो. दुसऱ्या दिवसापासून ते मला साहेब म्हणू लागले.

हे वाक्य त्यांनी पुढे अकरा वर्षं सांगितलं. कँटीनमध्ये, युनियनच्या सभेत, नव्या पोरांना. त्याला मीच साक्षीदार असे. “विचारा साहेबांना, चौऱ्याण्णव होते का नाही?” आणि मी म्हणत असे, होते. ते खोटंही नव्हतं. चौऱ्याण्णव होतेच. मशीन शॉपमध्ये अण्णा नापास झालेला माणूस नव्हते, पेपरानं दगा दिलेला माणूस होते. मी स्वतःला सांगत आलो, की आता खरं सांगून त्यांच्याजवळचं एवढंही का काढून घ्यायचं. हे कारण ऐकायला फार चांगलं आहे. मी ते अकरा वर्षं वापरलं आणि ते विटलं नाही, यावरूनच मला त्याचा संशय यायला हवा होता.

कोष्टकाचं पुढे बरंच नाव झालं. अण्णांनीच केलं. कॉलनीतल्या दहावीच्या पोरांच्या आया माझ्याकडे फ्लॉपी घेऊन येऊ लागल्या. त्यांना मी प्रश्नचिन्हवाली प्रत दिली. सगळ्यांना बरोबर प्रत दिली. एका आईनं तक्रार केली, की अण्णांच्या वेळी टक्के भराभर चढायचे म्हणतात, आमच्या पोराचे का चढत नाहीत. मी म्हणालो, नवीन आवृत्ती कडक आहे.

निवृत्तीच्या समारंभात त्यांनी भाषणात माझा उल्लेख केला. मला बोलायला उभं केलं. मी दोन वाक्यं बोललो, त्यांतलं एक हवामानाबद्दल होतं. मारतहळ्ळीला मुलाच्या फ्लॅटवर ते राहायला गेले. दिवाळीला फोन येतो. प्रकृती ठीक आहे. कान थोडे कमी झालेत, म्हणजे आता फोनवर सांगायचं तर ओरडून सांगावं लागेल, आणि बायकोसकट शेजारीही ऐकतील. त्यामुळे आधी इथे लिहितो आहे. हेही लपणंच आहे, कळतं मला. अण्णा मराठी वाचत नाहीत, त्यांना फक्त बोलता येते. किंवा येतो.

माझ्याकडून त्यांचं जे येणं बाकी आहे ते असं. आठव्या आठवड्यापासून परीक्षेपर्यंतचे चार आठवडे, जे आता कोणालाच परत देता येणार नाहीत. आणि त्यांच्यासमोर बसून सांगायची एक गोष्ट, जी देता येते: अण्णा, तुम्ही खरं लिहून दिलं होतं, माझ्या सूत्रानं ते उलटं मोजलं, आणि हे मला वेळेत माहीत होतं. ती मी अजून दिलेली नाही.